साठ मिली

रिकामी बाटली काउंटरवर ठेवून त्या इंग्लिश बाईंनी दुसरी मागितली, तेव्हा औषधं देणारा मुलगा फडताळाकडे वळलासुद्धा होता. माझी विद्यार्थिनी, म्हणजे तिथली वैद्य, मागून आली म्हणून थांबला. परवा संध्याकाळी दिलेली दोनशे मिलीची बाटली आज सकाळी संपली कशी, असं तिने विचारलं. बाई सत्तरीच्या, वागायला अगदी नेमस्त. त्यांनी पर्समधून माहितीपत्रक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. परवा संध्याकाळी साठ, काल सकाळी साठ, काल संध्याकाळी साठ. आज सकाळी बाटलीत वीसच उरलं होतं, म्हणून त्या आल्या होत्या. चव फार वाईट आहे, पण सांगितलंय तसं घेतेय, असं म्हणाल्या. काल दिवसभरात सहा वेळा जावं लागलं, हेही त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं.

ती ओळ माझी होती.

बाटली रोज तीस मिलीप्रमाणे साडेसहा दिवस पुरायला हवी होती. वैद्याच्या मराठी टिपणात लिहिलेलं होतं : कषायम् १५ मिली, त्यात तिप्पट कोमट पाणी, एकूण ६० मिली, दोन वेळा, जेवणाआधी. मी इंग्रजीत लिहिलं, साठ मिली काढा दिवसातून दोनदा जेवणाआधी. पाणी गाळलं. नजरचुकीने नव्हे हो, विचारपूर्वक गाळलं. काढ्यात पाणी कोण घालतं? पाणी आटवून आटवून काढा करायचा आणि मग त्यातच पुन्हा पाणी ओतायचं, हे मला टिपण लिहिणाऱ्याच्या हातून झालेलं काहीतरी वाटलं. एकूण साठ म्हटलंय ना, मग साठच. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर माणूस दुसऱ्याचं लिखाण दुरुस्त करायला फार लवकर हात घालतो.

काम माझ्याकडे आलं ते असं. मांद्र्याला किनाऱ्यापासून जरा आत, माडांच्या बागेत हे चिकित्सालय आहे. माझी विद्यार्थिनी पेडण्याची. तिचे भागीदार केरळातले एक वयस्कर वैद्य, ज्यांना सगळे नुसतं ‘वैद्यर’ म्हणतात. ऑक्टोबर ते मार्च पाहुणे परदेशी, एरवी गावातलेच. आधीचं माहितीपत्रक कुणीतरी इंटरनेटवरून जमवलं होतं आणि त्यात वाताला ‘हवा’, पित्ताला ‘आग’ असं छापलेलं होतं. “बाई, तुम्हीच करा. तुमचं इंग्रजी चांगलं आणि मराठी तर आहेच,” असं ती म्हणाली. त्या ‘आहेच’मध्ये खरी गोम होती, हे मला फार उशिरा कळलं.

वातापासून सुरुवात केली. शब्दकोशांत सरळ ‘विंड’ आहे, पित्ताला ‘बाइल’ आणि कफाला ‘फ्लेम’. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांना हे शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. त्यांच्या जुन्या ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार देहरस होते. आपले तीन दोष त्या चौकटीजवळ नेऊन ठेवले आणि दोन तर बसलेच. वाताला मात्र तिथे जागा नव्हती. ग्रीकांच्या चार रसांत वारा नाही. म्हणून त्याचं नुसतं भाषांतर झालं, जोड कुठेच लागली नाही. आजचा इंग्रज वाचक ‘विंड’ वाचतो तेव्हा त्याला एकच गोष्ट आठवते, ती चारचौघांत बोलायची नसते. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘वाताचे विकार’ या सदराखाली संधिवात, कंबरदुखी, निद्रानाश आणि अर्धांगवायू होते. ते इंग्रजीत वाचलं तर पोटातल्या गॅसमुळे माणूस लुळा पडतो असा अर्थ निघत होता.

मी विद्यार्थिनीला म्हटलं, अगं, पण आपणही तसंच म्हणतो. पोटात वात धरलाय, वातूळ पदार्थ खाऊ नका, वाल वातूळ. ती म्हणाली, “बाई, अर्धांगवायू म्हणताना तुम्हाला कधी गॅस आठवतो का?”

नाही आठवत. वायू तिथे ठळक बसलेला आहे आणि तरी मराठी माणसाला त्या शब्दात कधी पोट दिसत नाही. हात उचलत नाही, ओठ वाकडा झालाय, हेच दिसतं. माझी आजी कडक तापात बडबडणाऱ्या माणसाला ‘वात झालाय’ म्हणायची. पोरांनी दंगा केला की ‘नुसता वात आणलाय’ हे अजून माझ्या तोंडी आहे. म्हणजे मराठीने वाताचा जुना अर्थ टाकून दिलेला नाही. तो अशा कोपऱ्यांतून ठेवलाय की हाताशी असून दिसत नाही.

तो जुना अर्थ वैद्यरांनी मला पापणी मिटून-उघडून दाखवला. ‘वा’ या धातूचा अर्थ हलणं. शरीरात जे जे हलतं त्यामागे वात : श्वास, गिळणं, मलमूत्र खाली सरकणं, रक्ताचं फिरणं, पापणीचं लवणं. त्याचे पाच प्रकार आहेत. पापणीचं काम व्यानाकडे, खाली ढकलण्याचं अपानाकडे. पोटातला गॅस हा फारतर अपान बिघडल्याची एक खूण. आणि वाताचे गुण कोरडा, हलका, थंड, खरखरीत, सूक्ष्म, चंचल. हे गुण कळले की चिकित्सालयात सगळीकडे तेलाचा वास का असतो तेही कळतं, कारण तेल कोरडं नाही, हलकं नाही, आणि कोमट करून लावलं की थंडही नाही. पाहुण्यांना हे एवढं सांगितलं तर पुरे होतं. हवा आणि आकाश ही महाभूतं सांगून त्यांच्या हाती काय लागतं, मला माहीत नाही. त्यांचा गुडघा काही आकाशाने दुखत नाही.

शेवटी मी ‘वात’ वातच ठेवला आणि पुढे लिहिलं, शरीरातल्या सगळ्या हालचाली चालवणारं तत्त्व. बिघडलं की कोरडेपणा, वेदना, कडकपणा, कंप, झोप उडणं. यात मी काही नवं केलं नाही. १९०७ पासून कलकत्त्यात कविराज कुंजलाल भिषग्रत्न यांनी सुश्रुतसंहितेचं इंग्रजी भाषांतर छापायला घेतलं, त्यांनीही हे शब्द मूळचेच ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली आयुर्वेदाच्या प्रमाण संज्ञांचं पुस्तक काढलं, विद्यार्थिनीने ते मला उघडून दाखवलं. ते वैद्यांना आपापसांत बोलायला ठीक आहे. समुद्रावरून ओल्या केसांनी आलेल्या पाहुणीला त्याचा काय उपयोग?

पित्ताने मात्र मला जास्त छळलं, कारण पित्त हा शब्द मी दिवसातून चारदा वापरते. सकाळी चहा उपाशीपोटी घेतला की पित्त होतं. उलटीत कडू पिवळं पडलं की पित्त पडलं. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं. आणि शेजारच्यांनी गाडी फाटकासमोर लावली की पित्त खवळतं. इंग्रजीत या चौघांना चार वेगळे शब्द लागतात आणि त्यातल्या फक्त दुसऱ्याला ‘बाइल’ म्हणता येतं. पहिल्याला तर आम्ही स्वतःच ‘अॅसिडिटी’ म्हणायला लागलोय आणि मग उलट दिशेने येऊन पित्त म्हणजे अॅसिडिटीच असं धरून चाललोय.

वैद्यरांच्या मूळ मजकुरात एक वाक्य होतं : आलोचक पित्त डोळ्यांत असतं, त्यामुळे दिसतं. याचं ‘डोळ्यातलं बाइल’ असं केलं की इंग्रज वाचकाला कावीळच आठवणार! शास्त्रात पित्त म्हणजे शिजवणारं, तापवणारं, रूप पालटणारं. अन्न पचवणारं पाचक, रक्ताला रंग देणारं रंजक, हृदयात राहून बुद्धीचं काम करणारं साधक, डोळ्यातलं आलोचक, त्वचेतलं भ्राजक. यांतल्या एकालाही वाटीत काढून दाखवता येणार नाही, फारतर पहिल्याचा थोडा भाग येईल. ‘बाइल’ मात्र वाटीत येतं. प्रयोगशाळेत त्याची तपासणी होते. म्हणून ते भाषांतर नुसतं अपुरं नाही, ते खोटं पाडता येण्यासारखं आहे. पित्ताशय काढून टाकलेला पाहुणा येतो आणि विचारतो, मग माझ्यात पित्तच उरलं नसेल ना? असा एक खरोखर आला होता.

आणि गांधींचं तर भलतंच निघालं. आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसूल पाण्यात कोळून अंगाला लावतात, मीही लावलेलं आहे. मी आपलं गृहीत धरून माहितीपत्रकात गांधींना ‘पित्ताचा विकार’ या रकान्यात टाकलं. विद्यार्थिनीने उचलून बाहेर काढलं. शास्त्रातलं नाव शीतपित्त खरं, पण माधवनिदानात त्याची सुरुवात गार वाऱ्याच्या स्पर्शाने होते, आधी कफ आणि वात बिघडतात आणि मग ते पित्ताला सोबत घेतात. नावात पित्त, घरच्या बोलण्यात पित्त, आणि शास्त्राच्या हिशेबात ते नंतर आलेलं. हे इंग्रजीत नेताना चुकलं असतं तर दोष इंग्रजीचा नव्हता. इंग्रजीपर्यंत पोचायच्या आधीच मी चुकले होते.

मधुमेहाचं सदर मी फार विचार न करता पूर्ण काढायला लावलं. ‘प्रमेहावर उपचार’ हे मराठीत वैद्यकीय वाटतं, इंग्रजीत ‘डायबेटीस बरा करतो’ झालं की १९५४च्या जादूटोणा-औषधी जाहिरातींच्या कायद्यात सापडतं. शिवाय प्रमेह वीस प्रकारचे आणि मधुमेह त्यांतला एक. बरोबरीचं चिन्ह घालायला जागाच नाही. वैद्यर थोडे नाराज झाले.

तर कषायम्. याला मी सगळ्यात सोपा शब्द समजले होते. वात-पित्तावर दोन आठवडे घालवले आणि कषायम् एका दुपारी उरकला : काढा, ‘डिकॉक्शन’, संपलं. शब्द म्हणून ते चूक नाही. चूक अशी की काढा म्हणताच मला स्वयंपाकघर दिसतं. आजी सर्दीला जो करायची त्याला आम्ही ‘कसाय’ म्हणतो. धने, जिरं, मिरं, सुंठ, गवती चहा, गूळ, पितळेच्या टोपात रटरट उकळून. कपभर प्यायचा, पांघरूण घेऊन घाम काढायचा. त्यात पाणी घालून पातळ केलं असतं तर आजीने टोपासकट हाकललं असतं.

मलयाळी माणूस कषायम् म्हणतो तेव्हा त्यालाही एकेकाळी तेच टोप दिसत असणार. शार्ङ्गधराच्या मापाने एक पल भरड, म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस ग्रॅम, सोळापट पाणी, मातीच्या भांड्यात मंदाग्नीवर आटवत एक अष्टमांश उरवायचं. पावणेआठशे मिली पाणी दोन-तीन तास आटवलं तर सगळं मिळून नव्वद-शंभर मिली हाती लागतं, आणि ते त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी आंबतं. हे रोज कोण करणार? म्हणून औषधशाळा तो आणखी आटवून दाट करतात, टिकावा म्हणून संरक्षक घालतात आणि बाटलीत भरतात. बाटलीतला कषायम् हा काढ्याचा अर्क आहे. त्यात पाणी घालून तो पुन्हा काढा करायचा. आटवलेलं पाणी परत द्यायचं, इतकं साधं. टिपण लिहिणाऱ्याची चूक नव्हतीच.

ते कळल्यावर मी संस्कृतात कषाय काय आहे ते नीट वाचलं, म्हणजे विद्यार्थिनीकडून वाचून घेतलं. कषाय म्हणजे तुरट चव, हे शाळेत शिकलो होतो. चरकाने औषध तयार करायच्या पाच रीतींना मिळून कषाय म्हटलंय : पिळून काढलेला रस, वाटून केलेला कल्क, उकळून आटवलेला क्वाथ, थंड पाण्यात रात्रभर ठेवलेला हिम आणि गरम पाणी ओतून गाळलेला फांट. उन्हाळ्यात आपण धने रात्री भिजत घालून सकाळी पाणी पितो, तो हिम. चहा म्हणजे फांटच, आमच्याकडे तो उकळतो ही गोष्ट वेगळी. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक असा ‘आयुष क्वाथ’ सांगितला. तीन ग्रॅम पूड दीडशे मिली उकळलेल्या पाण्यात घालून चहासारखी प्यायची होती. नाव क्वाथ, कृती फांटाची. देशभर आपण त्याला काढा म्हणून प्यायलो आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण तिथे नाव चुकलं तरी कृती शेजारी लिहिलेली होती. माझ्या पत्रकात नाव बरोबर होतं आणि कृती नव्हती.

आणखी एक भानगड त्याच पानावर होती. दशमूलारिष्टासारखी अरिष्टं आणि कषायम् यांना मी एकच शब्द दिला होता, ‘हर्बल लिक्विड’. अरिष्ट काढ्यापासूनच बनतं, पण गूळ आणि धायटीची फुलं घालून मुरवत ठेवतात, त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो आणि लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. दारू सोडलेल्या माणसाला, रोजे पाळणाऱ्याला हा फरक कषायम् या नावापेक्षा महत्त्वाचा. आपल्याकडे काढा म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्याही अशाच मुरवलेल्या असतात. लेबल वाचल्याशिवाय ओळखायला येत नाही.

दुरुस्त ओळ अशी झाली : बाटली हलवा. झाकणाच्या मापाने १५ मिली कषायम् पेल्यात घ्या. त्यात ४५ मिली उकळून कोमट केलेलं पाणी घाला. आता झालेलं ६० मिली जेवणाच्या अर्धा तास आधी प्या, दिवसातून दोनदा. बाटली सहा दिवसांच्या आत संपली तर आम्हाला सांगा. हे शेवटचं वाक्य माझं. ‘डिकॉक्शन’ हा शब्द त्यात कुठेच आला नाही. औषध देणाऱ्या मुलाने काचेच्या पेल्यांवर नेलपॉलिशने दोन रेघा ओढल्या, लाल पंधराला आणि निळी साठला, आणि तेवढ्याने माझं निम्मं इंग्रजी निरुपयोगी झालं.

त्या बाईंचं औषध दोन दिवस थांबवलं. पेज, थोडं मीठ, विश्रांती. बरं झालं, औषध सौम्य होतं : गंधर्वहस्तादि कषायम्. एरंडाचं मूळ, हिरडा, सुंठ, चित्रक, पुनर्नवा असं त्यात असतं, आणि पोट साफ करणं हेच त्याचं काम, ते त्याने चौपट केलं. मी माफी मागायला गेले. चूक भाषांतरकाराची आहे आणि भाषांतरकार मी, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, चव तशी असतानाही मी प्यायले, तेव्हा थोडी चूक माझीही. मग विचारलं, गंधर्वहस्त म्हणजे काय?

शब्दशः सांगितलं तर गंधर्वाचा हात, देवांच्या गवयाचा हात. त्यांना कुंपणाशी नेलं. तिथे एरंड माजलेला असतो, कुणी लावत नाही. एक पान वळवून दाखवलं. त्यांनी आपला पंजा त्यावर ठेवला आणि बोटं मोजली. पानाला आठ होती.

निघायच्या दिवशी त्यांचा फोन आला. मुलासाठी एक बाटली घेतली होती, सीलबंद, आणि कस्टम्सच्या कागदावर त्या वस्तूपुढे दोन-तीन शब्दांचीच जागा होती. काय लिहू? विद्यार्थिनी माझ्याकडे बघत होती. मी थोडा वेळ गप्प बसले आणि मग एकेक अक्षर करून सांगितलं, ‘हर्बल डिकॉक्शन’.